चौदा दिव्यांची विहीर

पहिल्या मुलाखतीत माझ्या पोर्टफोलिओवर एकच प्रश्न विचारला गेला आणि मी तिथेच अडकलो. पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत एन्व्हायर्न्मेंट टीम सांभाळणाऱ्या मॅडमनी माझं विहिरीचं दृश्य पडद्यावर मोठं केलं, खालच्या कमानीवर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे उजेड कुठून येतोय?" मी म्हटलं, समोरच्या भिंतीवर ऊन पडतंय, ते परतून इथवर येतंय. "बरं. सूर्य बंद करून दाखवा." मी बंद केला. भिंतीवरचं ऊन गेलं, पण कमान होती तशीच उजळलेली राहिली. मी तिच्यामागे, पायऱ्यांखाली आणि पाण्यालगत मिळून चौदा पॉइंट लाइट दडवले होते.

त्या रागावल्या नाहीत. "दिवे लावणं गैर नाही, पण हे का लागले ते तुम्हाला माहीत नाही," एवढंच म्हणाल्या. नोकरी मिळाली नाही. पुढचे पाच आठवडे रोज संध्याकाळी मी तेच दृश्य पुन्हा उभं केलं, आणि हा त्याचा ब्रेकडाउन आहे. पोर्टफोलिओ तपासणं हे ज्यांचं काम आहे त्यांच्यासाठी तो लिहिला आहे, म्हणून आधी मॉडेलिंग, मग टेक्स्चर, मग लाइट अशा नेहमीच्या क्रमाने जात नाही. माझी चूक उजेडात दिसली, सापडली मात्र मॉडेलमध्ये, आणि निम्मी दुरुस्ती टेक्स्चरमध्ये झाली. त्याच वाटेने सांगतो.

विहीर आमच्या साताऱ्याजवळच्या लिंब गावातली, बारामोटेची. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेली. वरून पाहिलं तर अष्टकोनी, आणि लांबट जिन्यासकट पूर्ण आकार शिवलिंगासारखा. व्यास पन्नास फूट आणि खोली एकशेदहा फूट अशी मापं तिथे सांगतात. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. मी लहानपणापासून तिथे जातो, पण मॉडेल करायचं ठरवल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की ही विहीर म्हणजे मुळात उजेडाची नळी आहे. वर उघडं तोंड, खाली पाणी आणि मध्ये काळा दगड. जिन्याने उतरून कमानीतून आत पाहिलं की डोळ्यांना दिसतं ते सगळं एकदा तरी भिंतीवर आपटून आलेल्या उजेडात दिसतं.

माझं दृश्य म्हणजे या विहिरीची हुबेहूब प्रतिकृती नाही. ते स्टायलाइज्ड आहे, म्हणजे आकार मुद्दाम सोपे आणि ठसठशीत केलेले, रंग निवडून घेतलेले. प्रमाण तर मी सरळ बदललं. खऱ्या मापांवर साधं गणित केलं तरी कारण कळेल. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश, त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांपर्यंतच चढतो. पन्नास फूट रुंद तोंडातून त्या कोनाने येणारं ऊन समोरच्या भिंतीवर सुमारे सत्तावन्न फूट खाली उतरतं आणि थांबतं. तळ एकशेदहा फुटांवर. कॅमेरा खाली ठेवला तर चौकटीत ऊन येतच नाही, आणि ऊन दिसावं म्हणून कॅमेरा मागे नेला तर विहीर बंदुकीच्या नळीसारखी दिसते. म्हणून मी काठापासून पाण्यापर्यंतची खोली फक्त १३ मीटर ठेवली आणि व्यास १२ मीटरच्या आसपास. विहीर बुटकी झाली, पण चौकटीत ऊन, कमान आणि पाणी तिन्ही मावले.

मॉडेलिंगचा पहिला निर्णय अष्टकोनाच्या बाजूचा. सुरुवातीला मी आतला व्यास बरोबर १२ मीटर धरला होता. मग प्रत्येक बाजू ४.९७ मीटर येते, आणि असल्या अपूर्ण आकड्याचा तुकडा ग्रिडवर कधीच नीट बसत नाही. आठव्या बाजूला पोचेपर्यंत कुठेतरी फट राहते. दुसऱ्या खेपेला उलटं केलं. बाजू पूर्ण ५ मीटर धरली आणि केंद्रापासून भिंतीचं अंतर गणिताला काढू दिलं:

```
r = 5 / (2 × tan 22.5°) = 6.036
```

हा वाकडा आकडा आता फक्त एकाच जागी राहिला, तुकड्याच्या पिव्हटमध्ये. भिंतीच्या तुकड्याचा पिव्हट मी त्याच्या कोपऱ्यात न ठेवता विहिरीच्या केंद्राशी ठेवला. त्यामुळे अनरिअलमध्ये तुकडा शून्यावर ठेवायचा आणि ४५ अंशांनी फिरवत न्यायचा, आठही बाजू आपोआप जुळतात. भिंतीला जाडी असल्यामुळे दोन्ही टोकं २२.५ अंशांत तिरकी कापली. नाहीतर बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट पडते आणि तिच्यातून नको तिथे उजेड शिरतो.

आता मूळ घोटाळ्याकडे येतो. पहिल्या आवृत्तीत आठही बाजू आणि तिन्ही थर मी ब्लेंडरमध्ये जोडून एकच मोठी मेश बनवली होती. कॉलेजात मोबाईल गेमवर काम करताना ही सवय लागली. तुकडे कमी तर ड्रॉ कॉल कमी, एवढंच डोक्यात होतं. दृश्य अनरिअल ५ मध्ये होतं आणि परतणारा उजेड ल्यूमेन काढत होतं. समोरच्या भिंतीवर टळटळीत ऊन असूनही अलीकडची कमान काळीठिक्कर. मला वाटलं दगडच काळा आहे, म्हणून असेल. लावला एक दिवा, मग दुसरा, असं करत चौदा झाले.

खरं कारण असं. ल्यूमेन प्रत्येक मेशभोवती बाहेरून थोडी चौकोनी कार्डं लावतं आणि त्यांच्यातून त्या वस्तूचा रंग आणि तिच्यावरचा उजेड टिपून ठेवतं. एखाद्या मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत तसं समजा. उजेड परतवताना मग त्या फोटोंकडे बघून हिशेब होतो. मूर्ती, खांब, दगड यांचं यात छान जमतं, कारण त्यांची पृष्ठं बाहेरून दिसतात. विहीर मात्र रांजणासारखी, तिचं सगळं महत्त्वाचं अंग आतल्या बाजूला. एकाच मेशमधली बंदिस्त आतली बाजू टिपायला बारा कार्डं (मेशमागे मूळ मर्यादा तेवढीच असते) पुरत नाहीत. जो भाग टिपलाच गेला नाही तो उजेड परत देत नाही, आणि प्रतिबिंबातही काळा दिसतो. माझी ऊन पडलेली भिंत हिशेबाच्या वहीत नव्हतीच.

हे ओळखायच्या खुणा मला आधीही दिसत होत्या, पण मी त्या वाचल्या नव्हत्या. पाण्यात समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब काही जागी काळ्या ठिगळासारखं यायचं आणि मी ते पाण्याच्या मटेरिअलचा दोष समजून बसलो होतो. दुसरी खूण जास्त बोलकी. कॅमेरा वळवून उन्हाची भिंत चौकटीत आणली की कमान किंचित उजळायची, भिंत चौकटीबाहेर गेली की मालवायची. ल्यूमेन आधी पडद्यावर जे दिसतंय त्याच्यातूनच उजेड शोधतं आणि तिथे सापडला नाही तर टिपलेल्या कार्डांकडे जातं. पडद्यावर असताना उजेड मिळतो आणि नसताना मिळत नाही, याचा अर्थ कार्डांत काहीतरी गहाळ आहे. खात्री करायला व्ह्यूपोर्टच्या व्ह्यू मोडमध्ये `Lumen` खाली `Surface Cache` आहे. न टिपलेला भाग तिथे गुलाबी दिसतो. माझी विहीर आतून जवळजवळ सगळी गुलाबी होती, लग्नाच्या मांडवासारखी. कार्डं नेमकी कुठे बसली आहेत ते या आज्ञेने दिसतं:

```
r.Lumen.Visualize.CardPlacement 1
```

उपाय म्हणजे जोडलेलं पुन्हा तोडणं. एक बाजू, एक थर, एक तुकडा. आठ बाजू आणि तीन थर म्हणजे चोवीस जागा, पण त्यांच्यासाठी तुकडे सातच बनवले: साध्या भिंतीचे तीन प्रकार, कोनाड्याचा एक, कमानीचा एक, काठाचा एक आणि थारोळ्याचा एक. तेच तुकडे फिरवून वापरल्यामुळे इंजिन त्यांना एकत्रच काढतं, म्हणजे ज्या ड्रॉ कॉलच्या धास्तीने मी सगळं जोडलं होतं ती धास्तीही फुकटची निघाली. प्रत्येक तुकड्याला ३० सेंटिमीटर जाडी दिली. ल्यूमेनसाठी भिंत दहा सेंटिमीटरपेक्षा पातळ ठेवू नये असं अनरिअलच्या मार्गदर्शिकेतच आहे. माझी जुनी भिंत म्हणजे नुसता कागद होता, त्यामुळे बाहेरच्या जमिनीवरचं ऊन कोपऱ्यांतून आत झिरपत होतं. तुकडे मांडून पुन्हा तोच व्ह्यू मोड लावला. गुलाबी रंग फक्त कमानीच्या आतल्या वळणावर एका पट्टीएवढा उरला. पोर्टफोलिओत मी ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली आहेत, अंतिम चित्राच्याही आधी.

दिवे सगळे काढून टाकले आणि सूर्य लावला. कमान आता काळीठिक्कर राहिली नाही, पण उजळलीही नाही. इथून प्रकरण टेक्स्चरकडे वळलं.

आमच्याकडचा दगड बेसॉल्ट, काळा पाषाण. फोटोवरून रंग उचलून मी बेस कलर दिला होता, प्रत्येक चॅनलला साधारण ६३. पडद्यावर तो आकडा २५५ च्या एक चतुर्थांश वाटतो, पण उजेडाच्या हिशेबात त्याचा अर्थ वेगळा. सरळ रेषीय मूल्य काढलं तर ते ०.०५ येतं, म्हणजे पडलेल्या शंभरातला पाचच भाग उजेड परततो आणि पंचाण्णव दगड गिळतो. पुढच्या भिंतीवर आपटल्यावर त्यातलेही पाचच टक्के. कमान अंधारात राहणारच. हाच रंग १०५ वर नेला तर रेषीय मूल्य ०.१४ होतं. डोळ्याला दगड थोडाच फिका वाटतो, पण परतणारा उजेड जवळपास तिप्पट होतो. एखाद्या टीमने वास्तवदर्शी दृश्य मागितलं असतं तर एवढी सूट घेता आली नसती. स्टायलाइज्ड कामात ती घेता येते, पण कुठे घेतली याचं उत्तर तयार हवं.

मी ती सरसकट घेतली नाही. वरचा थर, जिथे ऊन पडतं, तिथे दगड कोरडा असणार, म्हणून तो फिका, किंचित पिवळट राखाडी, आणि १०५ हा आकडा तिथलाच. मधल्या थरात तो ८५ पर्यंत उतरतो. पाण्यालगत दगड ओला असतो, ओला दगड नेहमीच गडद दिसतो, तिथे ६० ठेवला आणि रफनेस कमी केला, म्हणजे थोडी चमक येते. हा उतार वेगवेगळ्या टेक्स्चरने केलेला नाही. एकाच मटेरिअलमध्ये जगातल्या उंचीवरून तीन रंग एकमेकांत मिसळतात आणि ओलाव्याची रेषा सरळ आखल्यासारखी दिसू नये म्हणून व्हर्टेक्स पेंटने ती हाताने वरखाली केली. गंमत अशी की उजेड परतवण्यासाठी जिथे फिका दगड हवा होता, तिथेच खऱ्या विहिरीतही दगड फिका दिसतो. ही कल्पना माझी म्हणता येणार नाही. तिसऱ्या फेरीत विहिरीवर बसून वहीत रंग लावताना ती दिसली.

दगडांच्या आकाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण स्टायलाइज्ड पोर्टफोलिओत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, आणि माझ्या पहिल्या आवृत्तीत तेच होतं. नियमावलीसारखं ठरून गेलंय की दगड स्कल्प्ट करायचा तर कडा गोल करायच्या, प्रत्येक चिरा फुगीर करायचा, मध्ये रुंद खाच सोडायची. माझे मामा कोरेगावला गवंडीकाम करतात. त्यांना मी मोठ्या हौसेने पडद्यावर भिंत दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे दगड आहेत का लादीपाव रे?" मग त्यांनीच सांगितलं की घडीव दगडात सांधा बारीक असतो, पाथरवट कड सरळ धरतो आणि दगडाच्या तोंडावर टाकीचे घाव राहतात. झीज होते ती पायाची, दोराची आणि पाण्याची जिथे वाट आहे तिथे. सगळीकडे सारखी नाही.

या एका वाक्यावर मी सगळं स्कल्प्टिंग पुन्हा केलं. चौदा चिरे वेगवेगळे घडवले, कडा सरळ ठेवल्या, फक्त टोकं दोन-तीन मोठ्या कापांनी उडवली, जशी साबणाची वडी सुरीने तासावी. टाकीचे घाव सगळ्या चिऱ्यांवर न देता दर तीन-चार चिऱ्यांतल्या एकावर दिले, बाकीचे सपाट. नजरेला विसावायला मोकळी जागा लागते. हे चिरे २०४८ पिक्सेलच्या एकाच ट्रिम शीटवर बेक केले. घनता मीटरला ५१२ पिक्सेल, म्हणजे शीटची रुंदी चार मीटर भरते. भिंत पाच मीटरची, त्यामुळे नक्षी सव्वा वेळा येते आणि कोपऱ्यात जुळत नाही. हे मला आधी अडचणीचं वाटलं. पण अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात मी अरुंद खांब उभा केला आहे, आणि सांधा त्याच्या मागे जातो. झीज मात्र शीटमध्ये नाही. ती काठाच्या आणि थारोळ्याच्या तुकड्यात प्रत्यक्ष मॉडेल केली, कारण मोटेचा नाडा जिथे घासायचा तिथला खोलगट गुळगुळीतपणा नॉर्मल मॅपने कधीच पटत नाही. बाजूने पाहिलं की कड सरळच दिसते.

मोट एकच आहे, चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लोंबणारी. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चामड्याची, खाली सोंड, वर लोखंडी कडी. काठावर आंब्याची फांदी डोकावते. तिची पानं मी बनवली, सालीचं टेक्स्चर विनामूल्य लायब्ररीतलं आहे आणि चित्राखाली तसं लिहिलं आहे. पाण्याच्या मटेरिअलचा आधार इंजिनमधलाच, मी फक्त रंग आणि लाटांचा वेग बदलला. हे वेगळं सांगतो, कारण चित्र पाहताना "यातलं याचं काय?" हा प्रश्न पडतोच, आणि तो विचारायची वेळ येऊ नये.

आता उजेड. सूर्याचा कोन ठरवायला त्रिकोणमितीची एकच ओळ पुरली. रुंदी १२.०७ मीटर (६.०३६ च्या दुप्पट). सूर्य ४० अंशांवर असेल तर समोरच्या भिंतीवर ऊन काठापासून १०.१ मीटर खाली उतरतं. पाणी १३ मीटरवर, म्हणजे खालचे तीन मीटर सावलीत राहतात आणि कमान त्याच पट्ट्यात आहे. पहिल्या आवृत्तीत सूर्य ५५ अंशांवर होता. तेव्हा ऊन थेट पाण्यात पडायचं आणि त्या लखलखाटाकडे डोळा जाऊन कमान कुणी पाहायचंच नाही. ४० अंश म्हणजे इथल्या डिसेंबरातली सकाळची साडेदहाची वेळ. थंडीतलं ऊन असल्यामुळे रंगही थोडा उबदार धरला. आकाशाचा निळसर उजेड स्काय लाइटमधून येतो. ऊन पिवळं आणि सावली निळी, एवढ्याच दोन रंगांवर सगळं दृश्य उभं आहे. तिसरा रंग, शेवाळाचा हिरवा, फक्त पाण्याच्या रेषेवर.

एक्स्पोजरने मला पहिल्या वेळी पुरतं फसवलं होतं. अनरिअल आपोआप एक्स्पोजर लावतं. अंधारात कॅमेरा नेला की चित्र उजळतं, जसं थिएटरातून बाहेर आल्यावर डोळे सरावतात, फक्त उलट्या दिशेने. त्यामुळे प्रत्येक दिवा लावताना चित्र आपणहून बदलायचं आणि दिव्याने नेमकं काय केलं ते कळायचंच नाही. आता पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये `Metering Mode` हाताने `Manual` केला आहे आणि संपूर्ण काम एकाच एक्स्पोजरवर झालं. स्वतःचंच दृश्य तपासायचं असेल तर आधी हे करा. त्याशिवाय उजेडाबद्दलची कुठलीही चर्चा वाऱ्यावरची आहे.

दर टप्प्यावर चित्र करडं करून पाहिलं. उन्हाची भिंत सर्वांत उजळ, पाणी आणि अलीकडच्या पायऱ्या सर्वांत गडद, आणि कमानीची आतली कड दोन्हींच्या मध्ये हवी. दिवे न लावता, फक्त सूर्य, आकाश आणि परतीचा उजेड यांच्यावर ती मध्ये आली तेव्हा मी पहिल्यांदा निवांत झोपलो. उन्हाचा झोत दाखवायला धुकं घातलं आहे, पण अगदी कमी. जाड झोत दिसायला छान वाटतो, पण त्याच्यामागची भिंत धुरकटते, आणि चिऱ्यांवर केलेली सगळी मेहनत पुसली जाते. पाण्यावरून कमानीच्या पोटात नाचणारी उजेडाची जाळी खरी नाही. ऊन पाण्यात पडतच नाही म्हटल्यावर ती यायला नको. ती एका स्पॉटलाइटच्या लाइट फंक्शनमधून येते, आणि हे मी जाणूनबुजून केलेलं खोटं आहे. तिच्याशिवाय खालचा तिसरा हिस्सा स्थिर, मेलेला वाटत होता.

म्हणजे चौदा दिव्यांच्या जागी आता दोन आहेत. एक हा जाळीचा स्पॉटलाइट. दुसरा कमानीच्या मागे, तिच्या आतल्या वळणावर उरलेली ती गुलाबी पट्टी झाकणारा पॉइंट लाइट. ती पट्टी घालवायची तर कमानीचे आणखी दोन तुकडे करावे लागतील. करून पाहिले, पण वळणावर सांधा दिसायला लागला, म्हणून दिवा ठेवला. दोन्ही दिवे `FILL` नावाच्या फोल्डरमध्ये आहेत आणि प्रत्येकाच्या नावात तो का आहे ते लिहिलं आहे.

याची मर्यादाही सांगून ठेवतो. हे सगळं ल्यूमेन चालणाऱ्या यंत्रापुरतं खरं आहे. तुमच्या टीमचं काम मोबाईलवर असेल तर हाच उजेड लाइटमॅपमध्ये बेक करावा लागेल. मी वरच्या थराच्या तीन तुकड्यांवर तो प्रयोग केला. केंद्राशी ठेवलेल्या पिव्हटचा काही त्रास झाला नाही, पण तुकड्यांच्या सांध्यावर उजेडाची पातळी किंचित वेगळी आली आणि भिंतीवर उभी रेघ दिसली. कोपऱ्यातल्या खांबाने ती झाकली जाते. जिथे खांब नाही, म्हणजे दोन थरांच्या आडव्या सांध्यावर, ती अजून दिसते, आणि तिथे पुढे आलेल्या दगडाची एक आडवी पट्टी द्यावी असं सध्या चाललं आहे. या प्रयोगाचं चित्र पोर्टफोलिओत शेवटी आहे, रेघेसकट.

सोबतच्या फाइलमध्ये `L_Vihir_Main` उघडा आणि सूर्य व स्काय लाइट बंद करा. भिंतीबरोबर कमानही अंधारेल, आणि तिच्या मागच्या बाजूला एका पॉइंट लाइटचा लहानसा डाग आणि ती जाळी तेवढी उरेल.